शून्यावी ओळ

धुळ्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी तिसऱ्या वर्षीही तात्पुरताच होतो. कायम व्हायचं तर तपासणी समितीसमोर एक तास शिकवायचा आणि त्यांचा चांगला शेरा मिळवायचा. मी द्विपद प्रमेय निवडलं, तेही सूत्राऐवजी आकड्यांच्या त्रिकोणावरून. विभागातले म्हातारे सर म्हणाले, "भाऊ, त्रिकोण चांगला शे, पन पेपरमा सूत्रच लिखनं पडस." मला सूत्राच्या पाठांतराचा मनापासून राग होता.

त्रिकोण माझा लाडका. वर एकटा एक, कडेने सगळे एकच, आत प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज. जी ओळ, तो घात. फक्त शून्यापासून मोजायचं. वरचा एक म्हणजे शून्यावी ओळ. शिवाय ताळा सोपा: अ आणि ब दोन्ही एक धरा, दोनाच्या घाताचं उत्तर आणि सहगुणकांची बेरीज जुळलीच पाहिजे. हे मी वर्गात इतकं घोकून घेतलं होतं, की पाठांतराच्या शत्रूला शोभू नये.

समितीला शैक्षणिक साधन लागतं, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून तक्ता करून घेतला. आकडे झकास काढले, आणि माझं काम अपुरं वाटून त्याने ओळींना आपणहून क्रमांक दिले. एकपासून. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. म्हटलं, मला काय, पाठ आहे.

तपासणीला समितीचे साहेब मागच्या बाकावर बसले आणि मी पाठ असलेलं सोडून तक्त्याकडे वळलो. अ अधिक ब, पाचवा घात. तक्त्यावरची पाचवी ओळ ठणठणीत आवाजात वाचली: एक, चार, सहा, चार, एक. साहेबांनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं.

पाचोऱ्याहून आलेली एक मुलगी उभी राहिली. तोवर तिने वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नव्हतं.

"सर, दोनाचा पाचवा घात बत्तीस. यांची बेरीज सोळाच येते. ही चौथ्या घाताची ओळ आहे."

साहेबांची मान डोलायची थांबली. चूक मान्य केली तर माझी नोकरी जाणार होती आणि त्यांची मानही फुकट डोललेली ठरणार होती. दोघांनाही वाचवायला तेच पुढे झाले. "वा! मुद्दाम चूक करून वर्ग जागा ठेवता!" मी हसलो. दुसरं काही करायची हिंमत नव्हती. पुढची ओळ लिहिली: एक, पाच, दहा, दहा, पाच, एक. बेरीज बत्तीस.

शेरा उत्तम आला. मी कायम झालो. म्हातारे सर पेढे खाऊन गेले, सूत्राबद्दल चकार शब्द न काढता.

तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी ती मुलगी व्हरांड्यात थांबली होती. चेहरा उजळलेला.

"सर, तुम्ही खरंच मुद्दाम केलं होतं?"

बाजूने प्राचार्य येत होते. मी म्हणालो, "अर्थात."

"मग मी काही शोधलं नव्हतं," ती म्हणाली आणि वर्गात गेली. त्यानंतर वर्षभर तिने एकदाही हात वर केला नाही.