कितीला?

काटेकोर काकांच्या दुकानात भाव विचारायची पद्धतच नव्हती. नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे हां, गल्लीनं ठेवलेलं! साखरेचे चार दाणे जास्त पडले तरी काढून घेणारा आणि दोन कमी पडले तरी टाकणारा माणूस. लोक पिशवी पुढे करत, काका तोलत, लोक पैसे देत. एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्याचा काकांना कोण अभिमान!

मग चौकात ते भलंमोठं दुकान उघडलं. काचेची दारं, आत गारेगार, आणि बाहेर माणसाएवढ्या अक्षरात साखरेचा भाव. तो काकांनी दोनदा वाचला. त्यांची स्वतःची खरेदीच त्याच्या वर होती.

ठोक व्यापाऱ्यानं हात झटकले. "ते लोक कारखान्यातून ट्रकच्या ट्रक उचलतात हो. त्यातही साखर पदरचं घालून विकतात. साखरेला म्हणून माणूस आत शिरतो आणि गाडाभर सामान घेऊन बाहेर पडतो. तुम्ही त्या फंदात पडू नका."

बायकोनंही तेच सांगितलं. गल्ल्यावर अर्धा दिवस तीच बसायची, गिऱ्हाईक तिला तोंडपाठ होतं. "अहो, साखर-तेलाचा भाव थोडा उतरवा, पण खरेदीच्या खाली जाऊ नका. बाकीच्याला हात लावू नका. आपल्याकडे लोक पावशेर घ्यायला येतात, म्हाताऱ्यांना घरी सामान पोचतं. ते दुकान जिना चढून येणार आहे का?"

"म्हणजे आपण महाग, असं गल्लीनं म्हणायचं?" काका उसळले. "माझ्या दुकानाला?"

आता बोला! हट्टाला पेटलेल्या माणसापुढे कुणाचं चालतं? दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लागली: 'त्यांचा भाव, तोच आमचा भाव.' एकवीस वर्षांत भावाची पहिली पाटी, आणि तीही दुसऱ्याच्या नावानं! गल्लीला भाव बघायची सवय काकांनी स्वतःच्या हातानं लावली.

गर्दी मात्र झाली. काका खूश. "बघितलंस?" बायकोनं बघितलं होतंच. बेकरीवाला सकाळी पोतंभर साखर उचलायचा, संध्याकाळी पुन्हा हजर. साबण नाही, चहा नाही, काही नाही. जितकी साखर जास्त खपे, तितका तोट्याचा खड्डा खोल जाई. आणि काकांनी भाव उतरवला की आठवड्यात ते चौकातले आणखी उतरवत. त्यांना काय, चाळीस दुकानांपैकी एकात तोटा. काकांचं दुकान एकच.

तिसऱ्या महिन्यात ठोकवाल्यानं उधारीवर माल देणं थांबवलं. तेव्हा काकांनी केलं ते केलं. चहाची पत्ती, धुण्याचा साबण, काड्यापेट्या, म्हणजे ज्यांचा भाव कुणी पाठ करत नाही असल्या वस्तूंवर थोडं थोडं चढवलं. गुपचूप. बायकोलाही सांगितलं नाही, चढा भाव ती गल्ल्यावर नसतानाच घेतला. 'कोण विचारतंय?' असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते खरंही होतं.

शिवणवाली मावशी समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. काका दुकान उघडून बसले त्या पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. दर सोमवारी चहा आणि साबण, तीच नोट, तीच चिल्लर परत. त्या सोमवारी चिल्लर कमी आली. तिनं ती तळहातावर मोजली. गुडघे धरत जिना चढून गेली.

पुढच्या सोमवारी ती आलीच नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी आली तेव्हा हातात चौकातल्या दुकानाची पिशवी होती. काकांनी पिशवी बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

"मावशी, नेहमीचंच ना?" ते पत्तीच्या डब्याकडे वळले.

"थांब." मावशी काउंटरला टेकून उभी राहिली. "कितीला?"

काकांचा हात डब्यावरच राहिला. बायको गल्ल्यावरून मान वर करून बघू लागली.

"मावशी, तुम्ही कधी..."

"कधीच नाही विचारलं. म्हणून तर गेले ना त्या काचेच्या दुकानात, बघायला. साखर तू त्यांच्याच भावानं देतोस, त्या बेकरीवाल्याला. आणि पत्ती मला महाग? मला, रे?" तिचा आवाज चढला नव्हता. "अडचण आहे म्हणाला असतास तर चार पैसे जास्त दिले असते मी. हसत दिले असते."

काकांना लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोच्या नजरेला नजर द्यायची सोय नव्हती. त्यांनी जुना भाव सांगितला, तोही पुटपुटत.

"पावशेर दे," मावशी म्हणाली.

काकांनी पत्ती पारड्यात टाकली. मग आणखी एक चिमूट टाकली, मग आणखी एक. पारडं खाली गेलं.

"जास्त नको," मावशी म्हणाली. "बरोबर तोल."

त्यांनी चिमूट चिमूट काढून घेतली. मावशीनं चष्मा नाकावर सरकवला, पुढे वाकली, आणि काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत त्याच्यावरची नजर हलवली नाही.