आईवडिलांशी चांगले वागणे

वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या लांबट टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून एक जण दर रविवारी दुपारी त्याच टेबलाच्या टोकाला येऊन बसायची. ती बाइंडिंगवाली. फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायची. पण गेल्या सहा वर्षांत आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं, ते म्हणजे ऐकणं.

त्या खोलीत कुराणाचं घरात बोलतात तशा मराठीत भाषांतर चाललं होतं. करणारी माणसं दोनच. एक निवृत्त शिक्षिका, जिला सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणायचं. दुसरे कॉलेजात अरबी शिकवणारे प्राध्यापक, बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि वीसपट घाईतले. पहिल्याच दिवशी बाईंनी नियम घातला होता. ओळ तयार झाली की बाइंडिंगवालीला एकदा वाचून दाखवायची, आणि तिनं ती आपल्या शब्दांत परत सांगायची. तिला अरबीचा गंध नव्हता. तिनं चुकीचं सांगितलं तर चूक ओळीची. एकदा प्राध्यापकांनी मोठ्या हौसेनं ‘ते पराङ्मुख झाले’ असं वाचलं, तर तिनं सुई न थांबवता विचारलं होतं, हा आजार तोंडाला होतो का. त्या दिवसापासून प्राध्यापक तिला जरा वचकूनच असत.

त्या रविवारी शेवटची प्रुफं आली होती. बुधवारी ती छपाईला जायची होती. पानं उलटता उलटता बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आणि आईवडिलांशी चांगले वागणे’. प्रुफात होतं, ‘आणि आईवडिलांशी चांगले वागा’.

“हे कुणी बदललं?”

“मी,” प्राध्यापक म्हणाले. “बाई, रागावू नका. ‘वागणे’ म्हणजे दारावरची पाटी वाटते. चपला बाहेर काढणे, शांतता राखणे.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा निघाला की त्या माघार घेत नाहीत, हे प्राध्यापकांना ठाऊक होतं.

मूळ अरबीत हा तुकडा एवढासा आहे: ‘व बिल्-वालिदैनि इहसाना’. अरबी लिपीत लिहायला घेतलं तर दोन शब्दांत मावतो. पहिल्यात ‘आणि आईवडिलांशी’, दुसऱ्यात ‘चांगलं वागणं’, आणि संपलं. क्रियापद कुठंच नाही. बाई हे शिकल्या त्या घरी, स्वयंपाकघरात. आई भाजी निवडायची आणि वडील ओट्याला टेकून धडा द्यायचे. अरबीत क्रियापद गाळून नुसतं कामाचं नाव पुढं ठेवता येतं, ते म्हणायचे. ‘वागा’ न म्हणता ‘वागणं’ म्हणायचं, की तेच नाव हुकमाचं काम करतं. त्या नावाला अरबी व्याकरणात मस्दर म्हणतात. त्यात काम सगळं असतं. करणारा कोण आणि कधी, एवढंच नसतं. लहान बाईंनी विचारलं होतं, मग कळायचं कसं कुणाला सांगितलंय? तेव्हा आईच भाजीतून मान वर न करता बोलली होती. “ज्याच्या कानावर पडलं त्याला.”

आईला अरबी येत नव्हती. लिहितासुद्धा जेमतेम येई. पण बाईंना पहिली नोकरी लांबच्या शाळेत लागली तेव्हा ती दर पंधरवड्याला कार्ड टाकायची, आणि त्या कार्डांतली वाक्यं अशीच असत. ‘वेळेवर जेवणे. उन्हात न हिंडणे. माझी काळजी न करणे.’ बरोबरच्या शिक्षिका चिडवायच्या, आई आहे की हेडमास्तर! बाईंना मात्र त्यात आईचा आवाज ऐकू यायचा, ताणलेला आणि जरा दमलेला.

एका कार्डात ‘सुट्टी मिळाल्यास येऊन जाणे’ असं होतं. परीक्षा तोंडावर होत्या. पेपर तपासून जाऊ, असं बाईंनी ठरवलं. त्या घरी पोचल्या तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते.

हे बाई प्राध्यापकांना सांगणार नव्हत्या. पण प्रुफातलं ‘वागा’ वाचताना हजेरीच्या वहीत आपल्या नावावर रेघ मारल्यासारखं त्यांना वाटलं होतं. ज्यांचे आईवडील घरात आहेत त्यांनी वागावं. तुमची वेळ गेली. मूळ ओळ असं म्हणत नाही, एवढंच त्यांना पुस्तकात शाबूत हवं होतं.

त्यांनी व्याकरणाचंच बोलायचं ठरवलं. या तुकड्याच्या आधी ‘त्याच्याखेरीज कुणाची भक्ती करू नका’ आहे, ते अनेकांना उद्देशून. पुढं ‘त्यांच्यातलं एक किंवा दोघं तुझ्याजवळ म्हातारे झाले तर’ आहे, ते एकट्याला. आणि बरोबर मधे हा शब्द उभा आहे, ना ‘तुम्ही’चा ना ‘तू’चा. “तुम्ही त्याला ‘वागा’ करून ‘तुम्ही’च्या रांगेत नेऊन बसवलंत, सर.”

प्राध्यापकांनाही ते ठाऊक होतंच. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. वैयाकरणसुद्धा तिथं ‘चांगलं वागा’ हेच क्रियापद अध्याहृत धरतात, अर्थ आज्ञेचाच आहे, मग वाचणाऱ्याला कोड्यात का टाका? ‘चांगुलपणा’ करू का, असंही त्यांनी सुचवलं. पण तो नुसता गुण झाला, त्यात हात हलत नाहीत, हे त्यांचं त्यांनाच पटलं.

“मग नियमाप्रमाणे करू,” बाई म्हणाल्या. नियम त्यांचा होता. निकाल उलटा लागला तर तोंड उघडायला जागा नव्हती.

प्राध्यापकांनी आधी ‘वागा’ वाचलं. बाइंडिंगवालीनं दोरा दातानं तोडला. “पोरांना सांगितलंय. आईबापांना नीट सांभाळा म्हणून. बरोबर आहे, सांगायलाच पाहिजे.”

मग ‘वागणे’ वाचलं. ती सुईत नवा दोरा ओवू लागली. प्राध्यापकांना वाटलं, कळलं नाही. ते पुन्हा वाचणार तेवढ्यात ती म्हणाली, “हे मला पण आहे का?”

“म्हणजे?”

“माझे दोघं कधीच गेले. तरी मघाच्यापेक्षा हे अंगावर आलं. काम राहिलंय म्हटल्यासारखं.” मग जराशा रागानंच तिनं विचारलं, “पण आता ते करायचं कसं, तेही लिहिलंय का कुठं?”

प्राध्यापकांनी पेन्सिल उचलली, ‘वागा’वर काट मारली आणि वर ‘वागणे’ लिहिलं. खाली टीप देईन, एवढं मात्र त्यांनी बजावलं. बाईंनी चष्मा चढवला. बाइंडिंगवाली अजून त्यांच्याकडेच बघत होती.

“वडील सांगायचे,” बाई हळूच म्हणाल्या, “आईबाप गेल्यावर त्यांच्यासाठी दुआ मागावी, त्यांनी दिलेला शब्द पाळावा. आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींची विचारपूस करत राहावी.”

“मग तुम्ही करता?”

बाईंनी प्रुफं गोळा केली, पिशवी घेतली आणि घराकडे न वळता बाजारामागच्या गल्लीत शिरल्या. आईची मैत्रीण तिथं पहिल्या मजल्यावर राहायची. दोघींनी एका मशीनवर आळीपाळीनं कपडे शिवले होते. आई गेल्यापासून बाई त्या जिन्यावर पुन्हा चढल्या नव्हत्या. आज कठड्याला धरून चढल्या.

दार म्हातारीनंच उघडलं. तिला ऐकू कमी येत होतं, दिसतही कमी. तिनं बाईंचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग कान, आणि ओळखलं.

“आली का तू? केवढी वाट बघायला लावलीस. चप्पल काढ. आणि मोठ्यानं बोल.”