माझे खोटे उपास

पाळी गेली तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. सुटले एकदाची! पण दोन वर्षांत खाली असं कोरडं पडलं की नवऱ्याजवळ जाणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यात लघवीची जळजळ, दर अर्ध्या तासाला पळापळ. उन्हाळी लागली समजून मी धने-जिऱ्याचं पाणी ढोसलं, दिवसातून तीनदा साबणाने धुतलं. आग वाढलीच.

ह्यांना खरं सांगायला जीभ उचलेना. मग मी उपास काढले, कारण उपासाच्या दिवशी हे जवळ येत नाहीत. सोमवार, गुरुवार, शनिवार होतेच. त्यांत मंगळवार घातला, मग शुक्रवारही. आगरी घरात शुक्रवारी बोंबील नाही! दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनीही मासळीचं ताट सरकवलं. "मीपन धरलाय," एवढंच म्हणाले. साबुदाण्यापुढे त्यांचा चेहरा बघून मला पदर तोंडात कोंबावा लागे.

पळस्प्याच्या एका हळदीत मी सात वेळा उठले, तेव्हा जावेने दंड धरला. "चल पनवेलला बाईडॉक्टरकडं. तू लाजशील तर मी सांगीन." आणि तिनेच सांगितलं, बाहेरची रांग ऐकेल एवढ्या आवाजात. मी मेल्याहून मेले, आणि हसूही आवरेना.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासून घेतली. जंतू नव्हते. "पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं. तिथली त्वचा पातळ, कोरडी होते, लघवीची जागाही. आपोआप बरं होत नाही, पण उपाय आहे. साबण आधी बंद." ओलावा टिकवणारं जेल आठवड्यातून दोन-तीनदा, जवळ येताना पाण्यावर बनवलेलं वंगण, आणि इस्ट्रोजेनचं कमी ताकदीचं मलम आत लावायला: दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा.

"कॅन्सर नाय ना होणार?" जाऊच विचारती झाली.

"रक्तात अगदी थोडं जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला असता तर वेगळा विचार केला असता. मात्र पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर लगेच या."

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर मलमाची ट्यूब ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हे खालीच बसले.

"म्हंजे तुला मोठा आजार नाय?"

"नाय हो!"

"मना वाटलं, तू काय तरी लपवतेस. म्हनून नवस बोललो, ही बरी होईस्तवर तिचे सगले उपास मीपन धरीन."

मी हसत होते ती थांबलेच. आठवड्याचे पाच दिवस साबुदाणा गिळत हा माणूस माझ्यासाठी देवाशी झगडत होता, आणि मी पदराआड खिदळत होते.

दोन-अडीच महिने गेले. जळजळ गेली, धावपळ आटोक्यात आली. एका दुपारी दार लावून आम्ही जवळ आलो. "दुखलं तर लगेच सांग," हे तीनदा म्हणाले. दुखलं नाही. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे घाबरून उठायला लागले, तेव्हा मीच त्यांना धरून ठेवलं.