खिंडीत आलेली जुनी नोंद

दरीतल्या घरांना औषधं पोचवणाऱ्या परिचारिका दोघी. मोठीला सगळे मोठ्या बाई म्हणत, दुसरीला धाकटी. मोठ्या बाईंनी बावीस वर्षं ती चढण तुडवली. तोंड फटकळ, पण नाडी धरली की गप्प.

दरीत रेंज नव्हती. भरलेली नोंद फोनमध्येच रांगेत थांबायची. खिंडीत चढलं की सर्व्हरवर जायची, आणि मग दुसरीनं केलेले बदल खाली यायचे.

त्या दिवशी सकाळी खालच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येताना बाईंना दिसलं. एकटा जीव, रक्त पातळ करणारी गोळी रोज संध्याकाळी धाकटीच देई. पाकीट तिच्याच पिशवीत. बाईंनी खिंड गाठून डॉक्टरांना फोन लावला.

"आजपासून एकही नको," डॉक्टर म्हणाले. बाईंनी तिथंच नोंद केली: गोळी बंद. नोंद पोचल्याची हिरवी खूण उमटली, आणि बाई पलीकडं दवाखान्यात उतरल्या.

चार वाजता सहज म्हणून फोनवर औषधांची यादी उघडली. म्हाताऱ्याच्या नावापुढं लिहिलं होतं: रोज एक, चालू.

त्यांनी कचेरीतल्या संगणकवाल्याला फोन लावला. "अरे, माझं लिहिलेलं गेलं कुठं?"

"थांबा ताई, बघतो." कळफलकावर बोटं वाजली. "धाकटी सोमवारपासून दरीतच होती ना? तिची सोमवारची नोंद रांगेत पडून होती. आज तीनला ती खिंडीत आली, तेव्हा ती नोंद सर्व्हरवर चढली."

"सोमवारची शिळी नोंद माझ्या आजच्या नोंदीवर?"

"लिहिलं कधी ते सर्व्हर बघत नाही, ताई. शेवटी जे पोचेल ते खरं."

"असला सर्व्हर कुणी शहाण्यानं बांधला रे?"

तो हसला नाही. "मी आत्ता इथनं 'गोळी बंद' करून टाकतो. झालं."

"आणि तिच्या फोनमध्ये?"

"ती परत खाली उतरली असेल तर... जुनंच दिसणार. खिंडीत येईपर्यंत."

बाईंनी तरी तिला फोन लावून पाहिला. लागला नाही. गोळीची वेळ सहाची. त्यांनी चपला काढल्या, बूट घातले आणि निघाल्या.

उतारावर दोनदा घसरल्या. सूर्य डोंगराआड गेला आणि दरीतली घरं एकेक करून काळी पडली. वाटेत एकही माणूस भेटला नाही.

दार उघडंच होतं. धाकटी हात पुसत बाहेर आली.

"अगंबाई, ताई! तुम्ही कशा आलात?"

"गोळी दिलीस?"

"दिली की. आत्ताच. यादीत चालू होती ना." तिनं फोन पुढं धरला. "ही बघा, नोंदही केली. रांगेत एक."

बाई तिला बाजूला सारून आत गेल्या. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. तोंडाशी धरलेला पंचा त्यानं खाली घेतला आणि काय झालं, अशा नजरेनं दोघींकडं बघितलं. पंचा पांढरा राहिला नव्हता.

"पाय धर," बाई म्हणाल्या. "खिंडीपर्यंत उचलून न्यायचाय."