शेवटच्या परिच्छेदातला रॅम्प

नाना जितके चिडत, तितकं त्यांचं अक्षर सुबक होई. सोसायटीच्या फळ्यावर ‘कृपया’ हा शब्द कोरल्यासारखा दिसला, की समजावं, कुणीतरी गच्चीवरचा नळ उघडा टाकून गेलंय. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईतल्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर जन्म गेला. भाईंदर पूर्वेला आमच्या समोरच्याच दारात राहायचे.

मी तेव्हा नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे स्वतःला तरणीबांड समजणारी. खारी गावाजवळच्या बागेत तरातरा फेऱ्या मारायची आणि कठड्यावर टेकलेल्या म्हाताऱ्यांकडे दयेनं बघायची. बाग काय बसायला असते, असं माझं ठाम मत. गुडघे शाबूत असले की माणसाला मतं फार सुचतात.

नानांच्या बायकोला, माईंना, अर्धांगवायूनंतर चाकाची खुर्ची लागली. संध्याकाळी झाडाखाली बसून माणसं बघावीत, एवढीच त्यांची इच्छा. नाना गर्दीतून खुर्ची ढकलत त्यांना बागेपर्यंत न्यायचे आणि फाटकाच्या तीन पायऱ्यांशी गाडं अडायचं. वॉचमन म्हणायचा, “बाबा, दो आदमी पकडो, उठाके अंदर ले लो.” माई म्हणाल्या, “मला बागेत जायचंय, माझी वरात नाही काढायची.” दोघं बाहेरूनच थोडा वेळ बघून परत यायचे.

मग नानांनी वर्तमानपत्राला पत्र लिहायचं ठरवलं. मी उत्साहानं मसुदा करून दिला, ‘जीवनाच्या सांजवेळी विसाव्याची आस लागलेले आम्ही पांथस्थ...’ नानांनी तो वाचून चष्मा पुसला.

“वहिनी, यात बाग कुठाय?”

“येते ना पुढे.”

“पुढे येईपर्यंत जागा संपते. बागेचं नाव, काय नाही, कुणी करायचं, बस. विशेषणं ते काढणारच; आपणच काढू, त्यांचे कष्ट वाचतील.”

भर दुपारी ते मला बागेत घेऊन गेले. शोभेचे माड होते, सावली त्यांच्याच बुंध्यापुरती. दोनच बाकं, लोखंडी. मी टेकले आणि लगेच उठले. नानांनी लिहिलं: पाठ आणि हात असलेली बाकं हवीत, कारण हाताला आधार नसेल तर म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही, ती झाडाखाली किंवा छपराखाली हवीत. शेवटी रॅम्प. फूटभर उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे रॅम्प अठरा फूट, दोन्ही बाजूंना धरायला दांडा. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन. पत्र खरंच तुमचं ना, असं विचारायला वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला, तेव्हा नाना खुर्चीतून उठून ‘हो’ म्हणाले.

पत्र छापून आलं. मथळा संपादकांनी दिलेला, ‘बागेत बाके व सावली हवी’. रॅम्पचा परिच्छेदच नव्हता. जागा कमी पडली की पत्र शेपटाकडून कापतात, हे नानांना माहीत होतं.

“मग शेवटी कशाला लिहिलंत?”

“घरचं मागणं पुढे कसं करायचं?”

कात्रण अर्जाला टाचून त्यांनी पालिकेच्या उद्यान विभागात दिलं, प्रतीवर शिक्का घेतला, दर पंधरवड्याला चौकशी केली. पावसाळ्यानंतर बाकं आली, छप्परही आलं. म्हातारी मंडळी नानांना दुवा देत बसली. माई फाटकाबाहेरच. आणि या गृहस्थानं संपादकांना आभाराचं पत्र पाठवलं, त्यात रॅम्पचा र नाही.

मी तणतणत गेले. “आभार मानून माई आत जाणारेत का?”

“आत्ताच मिळालंय, वहिनी. लगेच हात पुढे केला तर हावरट दिसतो.”

“मग मी दिसते.”

दुसरं पत्र माझ्या नावानं गेलं. पहिलंच वाक्य: ‘या बागेत चाकाची खुर्ची जात नाही, कारण फाटकाला तीन पायऱ्या आहेत.’ मापं नानांची. मी हळूच घातलेला ‘निर्दयी’ त्यांनी खोडला. पत्र अख्खं छापलं गेलं. त्याचंही कात्रण अर्जाला लागलं आणि काही आठवड्यांनी इंजिनीअर टेप घेऊन आला.

“सरळ जागा नाहीये, आजी. थोडा छोटा करतोय.”

आजी म्हटल्याचं मला इतकं लागलं की रॅम्प राहिला बाजूलाच. नानाच बोलले, “छोटा केलात तर घसरगुंडी होईल, साहेब. भिंतीच्या कडेनं वळवा, वळणावर सपाट जागा ठेवा.” तसाच झाला.

माई तिथे दोन उन्हाळे बसल्या, येणाजाणाऱ्यांची लग्नं मनातल्या मनात जमवत. मग गेल्या. आज त्या बाकाच्या हातावर भार देऊन मी उठते, तेव्हा मनात नानांचे पाय धरते. कुणासाठी काही मागायचं असेल तर पहिल्या ओळीत मागते, तेही त्या दोघांमुळेच.

लेकीकडे नाशिकला कायमचं जायच्या आदल्या दिवशी नाना बागेत आले. एक मुलगी बाबागाडी ढकलत, फोनवर बोलत रॅम्प चढून आत गेली. खाली बघितलंसुद्धा नाही.

“सांगू तिला, कुणामुळे झाला ते?” मी विचारलं.

“नको, वहिनी,” नाना म्हणाले. “बागा अशाच असतात, असं वाटू दे तिला.”