काकांनी तिसऱ्यांदा लिहिलेली नोटीस

घरमालक असूनही काकांना भाड्याचा विषय काढायचा म्हटलं की घाम फुटायचा. त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांना गुळमुळ्या म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं. गच्ची गळायला लागली, दुरुस्तीचा खर्च गळ्याशी आला, तेव्हा कुठे त्यांनी खालच्या खोलीत राहून शिवणकाम करणाऱ्या ताईला नोटीस लिहिली. तीही कशी? 'वास्तूची अवस्था पाहता येत्या काळात आपल्या वास्तव्याच्या अटींबाबत फेरविचार करणे भाग आहे. लोभ असावा.' आकडा नाही, महिना नाही. कागद दाराखालून सरकवून हे जिना चढून पसार झाले.

दुसऱ्या दिवसापासून खालचं मशीन बंद. एरवी त्याच्या खडखडाटाने कावणाऱ्या काकांना आता शांततेत जेवण जाईना. आठवड्याने ताई वर आली. डोळे सुजलेले, हातात तोच कागद.

"काका, खोली कधी रिकामी करायची?"

"रिकामी? कोण म्हणालं?"

"तुम्हीच लिहिलंय की. वास्तव्याचा फेरविचार."

आक्काने कागद ओढून घेतला. "अरे गुळमुळ्या, ही भाडेवाढ होय? मला वाटलं कोणी गेलं की काय! बस खाली. नीट लिही."

काका लिहायला बसले. 'सध्याचे भाडे महिना चार हजार. वाढ पाचशे. नवे भाडे चार हजार पाचशे. कारण : गच्चीची दुरुस्ती. जूनचे भाडे जुनेच. नवे भाडे जुलैपासून. खोली सोडायची नाही.' मे महिना अजून सरला नव्हता, म्हणजे करारातली महिनाभर आधी कळवायची अटही पाळली जात होती. काकांना हायसं वाटलं.

ताईने कागद दोनदा वाचला आणि मटकन खाली बसली. "पाचशेच? काका, शाळेच्या गणवेशांचं काम मी काल परत केलं. जागाच राहणार नाही तर एवढं कापड ठेवू कुठे? त्यांनी लगेच दुसऱ्याला दिलंसुद्धा. माझी चार महिन्यांची बेगमी होती ती."

काकांचा चेहरा उतरला. आपल्या भिडेपायी या बाईच्या पोटावर पाय आला, हे त्यांना झोंबलं. त्यांनी तो कागद फाडला आणि तिसरा घेतला. आकडा तोच, कारण तेच. महिना मात्र ऑक्टोबर. खाली लिहिलं, 'वाढ उशिरा, कारण पहिली नोटीस मी नीट लिहिली नाही आणि त्यात ताईंचं काम गेलं.'

"हे कशाला लिहिता?" ताई म्हणाली.

"लिहू दे त्याला," आक्का म्हणाली.

दोन प्रती झाल्या. एकीवर ताईने 'मिळाली' लिहून तारखेसह सही केली, दुसरी पदराआड ठेवली. दारात ती थांबली.

"काका, ऑक्टोबरात वाढीव भाडं मी आपणहून आणून देईन. तुम्ही मागायला येऊ नका. तुम्हाला नाही जमायचं."