शेजारच्या फ्लॅटचं मीटर

"काका, लाइट तोडू नका. ते बिल आमचं नाहीये बहुतेक."

मीटर रूमच्या दारात दोन मुली उभ्या होत्या. अश्विनी निफाडची, नर्स. सबा मालेगावची, लॅबमध्ये कामाला. गंगापूर रोडच्या त्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होत्या. मी वीज कंपनीत टेक्निशियन, थकबाकीदारांची लाइन बंद करायला आलो होतो. हातात पक्कड, मोबाईलवर मीटर नंबर.

"नोटीस आली नाही?"

"नाही," सबा म्हणाली. "नाना फक्त रक्कम व्हॉट्सअ‍ॅप करतात. एवढं बिल येईलच कसं, म्हणून आम्ही या वेळी थांबलो. तर म्हणाले, लाइट जाईल आणि तुम्हीही जाल."

नाना म्हणजे घरमालक. कनेक्शन त्यांच्या नावावर, त्यामुळे नोटिशीचा मेसेज त्यांच्याच मोबाईलवर. परक्या शहरात दोन मुलींना एका दिवसात घर कोण देणार?

मी म्हटलं, "वर जाऊन घरातला मेन स्विच बंद करा."

मीटरवर एक लाल दिवा असतो. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. वापर थांबला की लुकलुकणं थांबतं. अश्विनीने वरून फोन केला, "केला बंद." जे मीटर तोडायचं होतं, त्याचा दिवा लुकलुकतच होता. शेजारच्या मीटरचा मात्र थांबला. मेन चालू करून गीझर लावायला सांगितला, तर तोच शेजारचा दिवा भराभर लुकलुकू लागला. मुलींचं मीटर ते होतं.

मग हे कुणाचं? वर जाऊन शेजारचं दार वाजवलं. एका वयस्क बाईंनी उघडलं. आत त्यांचे यजमान पलंगावर, नाकात नळी, उशाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन.

"रात्रंदिवस चालतं हो," बाई म्हणाल्या. "लाइटबिल आमच्या भाड्यातच आहे."

त्यांना एसी बंद करायला सांगितला. खाली थांबलेली सबा फोनवर म्हणाली, "त्या तोडायच्या मीटरचा दिवा हळू झाला, काका."

मुली आडव्या आल्या नसत्या, तर मी या माणसाचं मशीन बंद पाडलं असतं.

साहेबांना फोन केला. "तोडू नको," ते म्हणाले, "मालकाला बोलाव."

नाना आले. दोन्ही फ्लॅट त्यांचेच, दोन्ही मीटर त्यांच्याच नावावर. बिलावर फ्लॅट नंबर नव्हता. मशीनवाल्यांचं बिल मुलींकडे आणि मुलींचं हलकं बिल स्वतःकडे, असा त्यांचा हिशेब.

"अदलाबदल झाली असेल," नाना म्हणाले.

"आतलं मशीन बंद पडलं असतं, नाना," अश्विनी म्हणाली. नानांनी उभ्या उभ्या मोबाईलवरून थकबाकी भरली. मुलींनी जास्तीची भरलेली रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करायचं लिहून दिलं. तरी ती रक्कम वळती झाल्यावर मुली तिथे राहिल्या नाहीत. नानांच्या पायांचा आवाज जिन्यात आला तरी धडकी भरायची, असं सबा म्हणाली.

भाड्याने राहत असाल तर रकमेचा मेसेज पुरेसा समजू नका. पूर्ण बिल मागा, त्यावरचा मीटर नंबर खाली जाऊन जुळवा. शंका आली तर मेन घरातलाच बंद करा आणि त्या मीटरचा दिवा थांबतो का बघा. खाली मीटर रूममधला बंद केलात, तर दुसऱ्याच कुणाच्या घरात काय बंद पडेल, सांगता येत नाही.